गुडघ्याची गोळी आणि पोटाची आग

(इंदूरमध्ये रामबागेतल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'औषधांचे वर्ग आणि त्यांचं रसायन'. अँटासिड, वेदनाशामक, अँटिसेप्टिक, तिन्ही घ्यायचे आहेत. पण मी सुरुवात करणार आहे दोन वर्ग एकमेकांना भिडतात तिथून. वर्ग समजून घेण्याची खरी गरज तिथेच पडते, आणि माझी खरी तक्रारही तिथलीच आहे.

आमच्या वाड्यात एक काकू राहतात. गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची पट्टी आणली, चिठ्ठीशिवाय. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी. आठवड्याभरात पोटात जळजळ सुरू झाली. त्याच दुकानदाराने गुलाबी अँटासिडची बाटली दिली आणि म्हणाला, "काकू, गोळीनंतर दोन चमचे घ्या, जळजळ होणार नाही." खरंच होईना. काकू खूश. तीन आठवड्यांनी जिना चढताना त्यांना धाप लागायला लागली. शौच काळं, डांबरासारखं चिकट होतंय हेही त्यांनी सुनेला सांगितलं, पण लोहाची गोळी चालू असल्याने ते त्या गोळीच्या खाती गेलं. तपासलं तर हिमोग्लोबिन सातवर. पोटात व्रण होऊन आतल्या आत रक्त झिरपत होतं. काकू आज ठणठणीत आहेत, पण मला ती बाटली अजून खुपते.

कारण त्या बाटलीने तिचं काम चोख केलं होतं. बघा, अँटासिड म्हणजे अगदी साधी क्रिया. पोटात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, त्याला अल्क भेटलं की क्षार आणि पाणी. बाटलीत मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमची हायड्रॉक्साइडं एकत्र असतात. पहिल्याने पोट सैल होतं, दुसऱ्याने बांधून येतं, म्हणून दोघांची जोडी. खाण्याचा सोडाही याच वर्गातला, फक्त त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून ढेकर येते.

सराफ्यातून रात्री बाराला खाऊन परतणाऱ्यांनी हात वर करा. बरं, आता घरात सोडा ठेवणाऱ्यांनी. तेच हात! मग हा हिशेब तुमच्यासाठी. रिकाम्या पोटात साधारण 50 मिलिलिटर रस धरा, त्यातलं आम्ल 0.1 मोलर. ते मारायला 0.42 ग्रॅम सोडा पुरतो, आणि सव्वाशे मिलिलिटर वायू निघतो. आपण घेतो चमचाभर, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, गरजेच्या जवळजवळ बारापट. त्यात जवळजवळ 1.4 ग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा आहे 2 ग्रॅम. ज्यांचा रक्तदाब जास्त आहे, ज्यांच्या पायावर सूज येते, त्यांनी हा चमचा हातातच घेऊ नये.

तर जळजळ आम्लाची, आम्ल मारलं, जळजळ गेली. मग काकूंना व्रण का झाला? इथे दुसरा वर्ग येतो, वेदनाशामकांचा.

अ‍ॅस्पिरिन 1899 पासून बाजारात आहे. पण ते दुखणं कसं थांबवतं हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी दाखवलं 1971 मध्ये, आणि 1982 मध्ये त्यांना नोबेलचा वाटा मिळाला. इजा झालेल्या जागी सायक्लोऑक्सिजनेज नावाचं विकर प्रोस्टाग्लँडिन बनवतं, आणि त्यामुळे तिथल्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन त्या विकराच्या पोकळीत जाऊन बसतात आणि काही तासांनी सुटतात. अ‍ॅस्पिरिन मात्र आपला अ‍ॅसिटिल गट त्या विकरावर कायमचा चिकटवून जातं. (हृदयरोग्याला छोटी गोळी रोज देतात ती याच गुणामुळे. रक्ताची गुठळी बांधणाऱ्या बिंबिकांना केंद्रक नसतं, त्यामुळे त्या नवं विकर बनवू शकत नाहीत.)

आता मुद्दा असा की हेच प्रोस्टाग्लँडिन जठराच्या अस्तरालाही लागतं. तिथला बुळबुळीत थर, त्या थरातलं बायकार्बोनेट, अस्तराचा रक्तपुरवठा, हे सगळं त्याच्या जोरावर चालतं. गुडघ्यातलं उत्पादन थांबवलं की जठरातलंही थांबतं, कारण औषध पोहोचतं रक्तातून. म्हणून 'गोळी पोटाला लागते, त्यापेक्षा इंजेक्शन घेऊ' हा समज फसवा आहे. इंजेक्शननेही व्रण होतो. भरल्या पोटी गोळी घेतल्याने मळमळ कमी होईल, पण अस्तराचं संरक्षण परत येत नाही.

दुकानदाराच्या सल्ल्यात आणखी एक गोम होती. डायक्लोफेनॅकच्या बऱ्याच गोळ्यांवर जठरात न विरघळणारं कवच असतं. ते कवच बहुवारिकाचं, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचं, आणि त्यात आम्लगट असतात. आम्लात ते जसेच्या तसे राहतात, म्हणून कवच घट्ट. आम्लता कमी झाली, सामू साधारण साडेपाचच्या वर गेला, की त्या गटांवर भार येतो आणि कवच विरघळतं. ही रचना आतड्यासाठी केलेली. पाठोपाठ अँटासिड घेतलं तर जठरातच आतड्यासारखी स्थिती होते आणि गोळी तिथेच उघडू शकते.

मग दीर्घकाळ वेदनाशामक घ्यावंच लागलं तर? डॉक्टर सोबत ओमेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोल देतात. लोक त्यांनाही अँटासिडच म्हणतात, पण रसायन अगदी वेगळं. ती आम्ल मारत नाहीत, आम्ल बनूच देत नाहीत. गोळी आतड्यातून रक्तात, रक्तातून आम्ल बनवणाऱ्या पेशीपर्यंत जाते, तिथल्या आम्लातच तिचं सक्रिय रूप तयार होतं, आणि ते पेशीतून आम्ल बाहेर सोडणाऱ्या प्रोटॉन पंपाच्या गंधकाशी बंध जोडून त्याला बंद पाडतं. खाणं पोटात आलं की पंप जोरात चालू होतात आणि चालू पंपच पकडता येतो, म्हणून ही गोळी जेवणाआधी अर्धा तास. जळजळ झाल्यावर चघळायची ही वस्तू नव्हे.

घड्याळ दाखवताहेत, तेव्हा उरलेलं भराभर सांगते.

पॅरासिटामॉल: दुखणं कमी करतं, जठराचं अस्तर फारसं दुखावत नाही, पण सूज उतरवत नाही. त्याचा धोका यकृताला. त्याचा थोडा भाग विषारी पदार्थात बदलतो, यकृतातलं ग्लुटाथायोन त्याला निकामी करतं, आणि मात्रा वाढली की ग्लुटाथायोनच संपतं. निरोगी प्रौढाला दिवसाला 4 ग्रॅम ही वरची मर्यादा, आणि सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉलही त्यातच मोजायचं. दारू पिणाऱ्यांसाठी, यकृताचा आजार असलेल्यांसाठी मर्यादा खाली येते, ती डॉक्टरांना विचारा.

अँटिसेप्टिक: इथे वर्ग ठरवताना मात्रा बघावी लागते. फिनॉलचं 0.2 टक्के द्रावण त्वचेला चालतं, 1 टक्का फरशीसाठी. पोव्हिडोन आयोडीन हळूहळू आयोडीन सोडतं आणि ते जंतूंच्या प्रथिनांचं ऑक्सिडीकरण करतं. अल्कोहोल प्रथिनांची घडी मोडतं, पण त्याला पाणी सोबत लागतं, म्हणून 70 टक्क्यांचं द्रावण शुद्ध अल्कोहोलपेक्षा सरस. शुद्ध अल्कोहोलने जंतूचं बाहेरचं प्रथिन झटकन गोठतं आणि आत शिरायची वाट अडते. उघड्या जखमेवर मात्र अल्कोहोल ओतू नका. ते तुमच्या पेशींची प्रथिनंही तशीच मोडतं. जखम आधी नळाखाली वाहत्या पाण्याने नीट धुवा, मग पोव्हिडोन लावा. थायरॉइडचा त्रास असेल तर मोठ्या जखमेवर तेही विचारूनच.

ज्यांच्या घरी गुडघ्याची गोळी रोज चालू आहे त्यांनी जाण्याआधी मला भेटा, पट्टी सोबत आणली असेल तर दाखवा.