टेलिप्रॉम्प्टरसाठी लिहिताना : क्रियापद कुठे येते?

मित्रहो, कंपनीच्या प्रमुखांचे भाषण वाचून दाखवल्यासारखे वाटले की आपण वक्त्याला बोल लावतो. पण बहुतेक वेळा दोष लेखनाचा असतो. टेलिप्रॉम्प्टरच्या, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या तिरक्या काचेवर मोठ्या अक्षरांतल्या मोजक्याच ओळी एका वेळी दिसतात आणि प्रत्येक ओळीत जेमतेम चार-पाच शब्द मावतात. मराठीत क्रियापद शेवटी येते, नकारही शेवटी येतो. त्यामुळे वाक्य लांबले की वक्ता ते बोलू लागतो तेव्हा त्याचा शेवट काचेवर आलेलाच नसतो. वाक्य कोणत्या अंगाने जाणार हे ठाऊक नसल्यामुळे आवाज सपाट राहतो आणि शेवटच्या शब्दावर अचानक ठेच लागते.

कामगारांसमोरच्या वार्षिक भाषणासाठी लिहिलेले हे वाक्य पाहा: ‘कच्च्या मालाच्या किमतीत झालेली वाढ व निर्यातीत झालेली घट लक्षात घेऊनही व्यवस्थापनाने गतवर्षी एकाही कर्मचाऱ्यास सेवेतून कमी केले नाही.’ कागदावर ते निर्दोष आहे. काचेवर मात्र सगळ्यात मोलाचा ‘नाही’ सर्वांत शेवटी उगवतो. तेच असे लिहावे:

गेलं वर्ष अवघड गेलं.
कच्चा माल महागला.
निर्यात घटली.

तरीही आपण
एकाही माणसाला
कामावरून काढलं नाही.

आता प्रत्येक क्रियापद नजरेच्या टप्प्यात आहे, आणि मधली कोरी ओळ वक्त्याला श्वास घ्यायला जागा देते. ओळ अर्थाच्या जोडावर तोडावी. ‘एकाही’ एका ओळीत आणि ‘माणसाला’ दुसऱ्या ओळीत गेले, तर डोळ्यांची हालचाल कॅमेऱ्यात पकडली जाते. शिवाय येथे ‘काढले’ न लिहिता ‘काढलं’ लिहिले आहे, ते मुद्दाम. समोर ‘काढले’ दिसले की बोलीत कधीही तसे न म्हणणारा माणूसही तसेच उच्चारतो, आणि पुढची चार वाक्ये पुस्तकी होतात.

आकड्यांचेही तसेच आहे. 1,24,75,000 हा आकडा काचेवर आला की वक्ता मनात स्थाने मोजू लागतो. तिथे ‘जवळपास सव्वा कोटी’ असे अक्षरांत लिहावे. अचूक आकडा अहवालात असतोच.

माझ्या मते मसुदा लिहिण्याआधी प्रमुखांना कागदाशिवाय दहा मिनिटे बोलू द्यावे आणि ते ध्वनिमुद्रित करावे. त्यांची वाक्ये किती लांब असतात, ‘बरं का’ किंवा ‘खरं सांगायचं तर’ यांपैकी काय त्यांच्या तोंडी सहज येते, हे तिथेच कळते. त्यांच्या तोंडी नसलेली लकब मसुद्यात घातली, तर ती हमखास परकी वाटते.

मग तालीम त्याच काचेवर, त्याच ऑपरेटरबरोबर घ्यावी. मजकूर पुढे सरकवण्याचा वेग वक्त्याच्या बोलण्यामागे जायला हवा. वक्ता मजकुरामागे धावू लागला, तर तो श्वास गिळतो आणि वाक्यांचे शेवट खातो. एकाच ठिकाणी दोनदा अडखळणे झाले, तर तालीम तिथेच थांबवून त्यांनी अडखळताना जे शब्द वापरले तेच मसुद्यात घ्यावेत.