दही का लागेना?

श्रोतेहो, नमस्कार. सूक्ष्मजीवांबद्दल तुमचे बरेच प्रश्न आले आहेत. त्यातले काही आज घेतो. उत्तरं थोडक्यात देईन, पण एक हकीकत मात्र सविस्तर सांगणार आहे, कारण विरजण, औषध आणि रोग या तिन्ही गोष्टी तिच्यात एकत्र आल्या आहेत.

पहिला प्रश्न आहे, दुधाचं दही होतं म्हणजे नेमकं काय होतं? विरजणात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू असतात. कोमट दूध मिळालं की ते दुधातल्या साखरेवर, म्हणजे लॅक्टोजवर, वाढतात आणि आम्ल सोडतात. दूध हळूहळू आंबट होतं. त्याचा सामू साधारण ४.६ पर्यंत उतरला की दुधातलं केसीन हे प्रथिन गोठतं आणि दही लागतं. एवढं ध्यानात ठेवा: जिवाणू वाढले तरच आम्ल होतं, आणि आम्ल झालं तरच दही लागतं. पुढे याचं काम पडणार आहे. आणि ओघात सांगतो, दही लावावं ते मातीच्या गाडग्यात. पाणी शोषलं जातं, दही घट्ट होतं. फ्रीजमध्ये मावत नाही म्हणून गाडगी हद्दपार झाली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरा प्रश्न: विरजण चांगलं असूनही दही लागत नाही, असं का होतं? आता ती हकीकत ऐका.

मी दूध तपासणीच्या कामावर होतो तेव्हाची गोष्ट. फलटणकडच्या एका गावात संकलन केंद्रावर गेलो होतो. एक काकू आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आमच्या गाईच्या दुधाचं दहीच होत नाही. रात्री विरजण लावते, सकाळी बघावं तर दूध तसंच्या तसं. दुपारपर्यंत घाण वास येतो." त्यांनी विरजण बदललं होतं, शेजारणीकडून आणलं होतं. भांडी चिंचेनं घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन घेतली होती. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या घेऊन गाईची दृष्टही काढली होती.

मी विचारलं, "काकू, गाय आजारी होती का?" त्या म्हणाल्या, "दगडी झाली होती. मागचा डावा सड सुजला होता, धार काढताना दुधात गाठी यायच्या. डॉक्टरांनी सडात ट्यूब सोडल्या, इंजेक्शनंही दिली. आता उतार आहे. त्या सडाचं दूध आम्ही टाकूनच देतो, बाकी तीन सडांचं घरात वापरतो."

काकूंनी प्रामाणिकपणे आजारी सडाचं दूध बाजूला काढलं होतं. पण इंजेक्शनचं औषध रक्तातून सगळ्या कासेत जातं. चारही सडांच्या दुधात ते उतरतं. डॉक्टरांनी दूध किती दिवस वापरायचं नाही हे सांगितलं होतं का, विचारलं. कुणी सांगितलं नव्हतं.

नुसतं सांगून पटणार नव्हतं, म्हणून आम्ही करूनच बघितलं. स्टीलच्या दोन सारख्या वाट्या घेतल्या. एकीत काकूंच्या गाईचं दूध, दुसरीत शेजारच्या निरोगी गाईचं. दोन्ही दुधं उकळली, बोट सहज बुडवून ठेवता येईल इतकी कोमट होऊ दिली. एकाच विरजणातलं एक-एक चमचा दोन्हींत ढवळलं. दोन्ही वाट्या एकाच डब्यात ठेवून वरून गोधडी गुंडाळली. दूध सोडून बाकी सगळं सारखं, हे महत्त्वाचं. सकाळी डबा उघडला. शेजारच्या दुधाचं दही असं लागलं होतं की वाटी कलती केली तरी हलेना. काकूंच्या वाटीतलं दूध मात्र पाण्यासारखं हिंदकळत होतं, तळाशी विरजणाचा चोथा तेवढा बसला होता.

सासूबाई पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "दूध तर उकळलं होतं. मग औषध राहिलं कसं?" प्रश्न अगदी बरोबर होता. उकळल्यानं जिवाणू मरतात, पण पेनिसिलिनसारखं औषध बरंचसं टिकून राहतं. हे औषध जिवाणूची भिंत बांधू देत नाही. विरजणातले जिवाणू वाढायला लागले की त्यांना नवी भिंत लागते, ती होत नाही आणि ते मरतात. रोगाचा जिवाणू कुठला आणि दह्याचा कुठला, हे औषधाला कळत नाही. म्हणून आम्लही नाही आणि दहीही नाही.

उपचार संपले, औषधाच्या पाकिटावर लिहिलेले दिवस उलटले, आणि त्याच गाईच्या दुधाचं दही काकूंनी मला आणून दिलं. हा दोन वाट्यांचा प्रयोग शाळेत सातवीच्या मुलांकडून करून घ्यावा, असं मी भेटेल त्या शिक्षकाला सांगत असतो.

पण एक मर्यादा सांगतो. दही लागलं म्हणजे दुधात औषध नाहीच, असं समजू नका. औषध अगदी थोडं असेल तर दही लागतं, नुसता उशीर होतो. म्हणून भरवसा पाकिटावरच्या दिवसांवर ठेवा. दिवस लिहिलेले नसतील तर आपल्याकडच्या औषध नियमांप्रमाणे दुधासाठी किमान ७ दिवस धरायचे. पुन्हा सांगतो, दुधासाठी किमान ७ दिवस. आणि ते शेवटच्या डोसापासून मोजायचे.

तिसरा प्रश्न: सर्दीला अँटिबायोटिक घ्यावं का? नाही. सर्दी विषाणूंमुळे होते. विषाणूला अशी भिंतच नसते, मग हे औषध पाडणार काय? उलट, शरीरातले नाजूक जिवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे मागे राहून वाढतात. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, तो हे औषध गोरगरिबांना मिळावं म्हणून. तेच औषध आज दुकानातून चिठ्ठीशिवाय दोन-दोन गोळ्यांनी नेलं जातं, ते बघून मला राग येतो.

चौथा प्रश्न: अँटिबायोटिक चालू असताना दही खावं का? बहुतेक औषधांबरोबर चालतं. पण डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही औषधं दूध-दह्यातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि अंगी कमी लागतात. तेव्हा गोळी आणि दही यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा, आणि आपली गोळी कुठली आहे ते डॉक्टरांना विचारून घ्या.

शेवटचा प्रश्न एका दूध उत्पादक ताईंचा आहे. गोठ्यात एका गाईला दगडी झाली की दुसरीलाही होते, ती पसरते कशी? बहुतेक वेळा धार काढणाऱ्याच्या हातातून. आजारी कास पुसलेलं फडकं निरोगी कासेला लावलं की जिवाणू तिकडे गेलेच. म्हणून आजारी गाईची धार सगळ्यात शेवटी काढा, फडकं प्रत्येक गाईला वेगळं घ्या, हात साबणानं धुवा. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर घ्या, गाठी लगेच दिसतात. पण त्या धारा गोठ्यात जमिनीवर सोडू नका. आणि धार झाल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं असतं. तेवढ्यात गाय शेणात बसली तर जमिनीवरचे जिवाणू आत शिरतात. तेव्हा वैरण धारेनंतर टाका, म्हणजे खाण्याच्या नादात ती उभी राहील.