बुडलेला क्लास, मोकळी जागा

एखादीचा क्लास बुडला, तर तिला दुसऱ्या बॅचमध्ये बदली क्लास देता येतो, पण त्यासाठी तिथे जागा हवी. आज फक्त कथकच्या क्लासबद्दल बोलतो, कारण तिथे बॅचची मर्यादा चक्कर ठरवते. हात पसरून चक्कर घेणाऱ्या मुलीला साधारण पाच बाय पाच फूट जागा सोडावी. हॉल वीस बाय तीस फुटांचा असेल आणि पुढचे पाच फूट गुरू आणि तबल्यासाठी ठेवले, तर चार-चारच्या पाच रांगा बसतात. म्हणजे वीस मुली. एकविसावी आली की तत्कार जमतो, पण चक्कर सुरू झाले की हातावर हात आपटतात. मग मुली हात आखडून फिरतात आणि तीच सवय लागते.

म्हणून वीसच्या बॅचमध्ये प्रवेश अठराच द्या. दोन जागा बदली क्लाससाठी कायम मोकळ्या ठेवा. फीचा हिशेबही अठरावरच बसवा, नाहीतर महिन्याभरात त्या दोन जागा नव्या प्रवेशांनी भरतात.

मोकळ्या जागा मोजायची रीत सोपी आहे: वीसातून पटावरच्या मुली वजा करा, आधी कळवलेल्या रजा मिळवा, दिलेल्या बदली जागा वजा करा. समजा शनिवारच्या बॅचला पटावर अठरा आहेत, एकीने रजा कळवली आहे आणि मंगळवारच्या दोघींना आधीच जागा दिली आहे. वीस वजा अठरा, अधिक एक, वजा दोन. एक जागा उरली. न कळवता राहिलेल्या मुलीची जागा यात धरू नका. ती ऐनवेळी दारात उभी राहू शकते. रजा कळवलेल्या मुलीची जागा दुसरीला दिली असेल आणि तिचा बेत बदलला, तर तिलाही पुन्हा विचारूनच यावे लागेल. हे पालकांना प्रवेशाच्या वेळीच सांगा.

गोंधळ बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर होतो. एक आई ताईंना विचारते, दुसरी त्यांच्या मदतनीस शिष्येला, दोघी ‘हो, या’ म्हणतात आणि एकाच जागेवर दोन मुली येतात. ‘हो’ म्हणणारी व्यक्ती एकच हवी आणि जागा वहीत लिहिल्यावरच उत्तर जावे.

नुसती जागा पुरत नाही, पाठही जुळायला हवा. तीनतालातला तोडा बुडालेल्या मुलीला झपतालाची तिहाई चाललेल्या बॅचमध्ये बसवले, तर तिचा तोडा बुडालेलाच राहतो. म्हणून हजेरीच्या रकान्याशेजारी त्या दिवशी काय शिकवले हे दोन शब्दांत लिहा.

गणपतीत मात्र ही पद्धत अपुरी पडते. एका बॅचच्या अकरा मुलींचा क्लास बुडाला आणि त्याच पातळीच्या दुसऱ्या बॅचला आठवड्यातून दोनदा दोन-दोन जागा आहेत, तर आठवड्याला चारच मुलींचा क्लास भरून निघतो. अकरा जणींना तीन आठवडे लागतात, तोवर मूळ बॅच पुढच्या तोड्यावर गेलेली असते. एकाच पातळीच्या सहा-सात मुलींचा एकच पाठ राहिला, की सरळ रविवारी एक जादा क्लास लावा आणि त्याची तारीख सुट्टीच्या आधीच कळवा. त्याही दिवशी जी येणार नाही तिला पुन्हा जागा देऊ नका. तोड्याचे बोल पढंतीसकट रेकॉर्ड करून पाठवा, म्हणजे निदान हातावर ताल धरून पाठ करता येतील.