ह्यात माझा भाऊ कुठाय?

श्रोतेहो, नमस्कार.

उद्या १ जून. आपल्या मराठवाड्यात उद्या घरटी एखादा तरी वाढदिवस निघतोच. पोराला शाळेत घालायला नेलं, जन्मतारीख कोणाच्या ध्यानात नव्हती, गुरुजींनी अंदाजानं साल धरलं आणि रजिस्टरात १ जून लिहून टाकलं. काही जण ह्या तारखेला हसतात. मला ते पटत नाही. ज्या तारखेनं माणूस शाळेच्या पटावर आला आणि जी तारीख पुढं थेट पेन्शनच्या कागदापर्यंत चालली, ती त्याचीच तारीख.

तर उद्या घराघरांतून शुभेच्छा जाणार. पुष्कळदा होतं असं, की शुभेच्छा मामाला असतात आणि मजकूर सगळा भाच्याचा असतो. शुभेच्छा बाईंना असतात आणि मजकूर विद्यार्थ्याचा. लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसते, प्रेम खरंच असतं. पण कागदावर ते प्रेम लिहिणाऱ्याभोवतीच फिरत राहतं. हे ओळखायचं कसं आणि सुधारायचं कसं, एवढ्यावरच आज बोलतो. आणि त्यासाठी आमच्या शेजारच्या पोराची गोष्ट सांगतो.

हा पोरगा पुण्यात नोकरीला. त्याच्या मामांना पंच्याहत्तर पूर्ण होत होती, तारीख अर्थातच १ जून. मामांचं गाव परभणीहून जिंतूरकडं जाताना फाट्यापासून आत. घरच्यांनी ठरवलं, की प्रत्येकानं चार ओळी लिहायच्या, त्या कार्यक्रमात वाचायच्या. पोरानं लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. आई मामांची धाकटी बहीण. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “चांगलं हाय. पण ह्यात माझा भाऊ कुठाय?”

पोरगा कागद घेऊन माझ्याकडं आला. “सर, आई असं म्हणायली. बघा बरं तुम्ही.”

मजकूर असा होता. ऐका.

“आदरणीय मामा, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! आज मी जो काही आहे तो केवळ तुमच्यामुळेच. दहावीनंतर परभणीला शिकायला आलो तेव्हा खिशात काही नव्हतं. रात्र रात्र अभ्यास केला, खूप कष्ट घेतले. पुण्यात नोकरी लागली, फ्लॅट घेतला, त्या दिवशी तुमची फार आठवण आली. कामाच्या व्यापात गावाकडं येणं होत नाही, मनाला वाईट वाटतं. तुमचं प्रेम आणि आशीर्वाद असेच पाठीशी राहू द्या. तुमचाच भाचा.”

मी म्हणालो, “अरे, सगळं तुझंच आहे की हे.” तो म्हणाला, “नाही सर, ‘मी’ फक्त एकदाच आलाय. बाकीचे मीच काढून टाकले.”

श्रोतेहो, इथंच माणूस फसतो. आपल्या मराठीत ‘मी’ म्हणावंच लागत नाही. ‘आलो’ म्हटलं की त्यात मी आहेच. ‘वाईट वाटतं’ म्हटलं की ते मलाच वाटतंय. म्हणून कागदावरचे ‘मी’ मोजून काही कळत नाही. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे कोणी केलं? पुन्हा सांगतो. कोणी केलं?

तसं आम्ही विचारत गेलो. परभणीला कोण आलं? भाचा. अभ्यास कोणी केला? भाच्यानं. फ्लॅट कोणी घेतला? भाच्यानं. आठवण कोणाला आली, वाईट कोणाला वाटतं? भाच्यालाच. पोरगा गप्प झाला. सबंध मजकुरात मामांनी एकही काम केलेलं नव्हतं. ‘तुमच्यामुळे’ हा एक शब्द तेवढा मामांच्या वाट्याला आला होता, आणि त्यातही मामांनी नेमकं काय केलं ते नव्हतंच.

त्यानं तिथंच बसून दुसरा मजकूर केला. “मामा, तुम्ही देवमाणूस आहात. तुम्ही आमचे आधारवड आहात. तुम्ही दिलदार आहात, तुम्ही मार्गदर्शक आहात.” आता सगळीकडं ‘तुम्ही’ आलं होतं. पण परत तोच प्रश्न विचारा: तुम्ही काय केलंत? उत्तर नाही. नुसतंच ‘आहात, आहात’. हा मजकूर कोणाच्याही मामांना चालला असता. चौकातल्या बॅनरवर असाच मजकूर असतो. बॅनरचा विषय निघाला म्हणून बोलतो. वाढदिवस एकाचा आणि खाली शुभेच्छुकांचे तीस फोटो, ही रीत मला मनापासून नको वाटते. गावातल्या पोरांनी तो खर्च शाळेच्या वाचनालयाला द्यावा, असं मी जिथं तिथं सांगत आलोय. असो.

मी त्याला म्हणालो, “मामांनी काय काय केलं तुझ्यासाठी?” “लई केलं हो सर.” “लई राहू दे. एक सांग.”

बराच वेळ तो पंख्याकडं बघत बसला. मग म्हणाला, “डबा पाठवायचे.”

दिवाळी झाली की त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. हा परभणीत खोली करून राहायचा. सकाळच्या एसटीनं मामांकडून डबा यायचा. हा स्टँडवर जायचा, कंडक्टरकडून डबा घ्यायचा, रिकामा डबा परतीच्या गाडीला द्यायचा. ज्यांची लेकरं तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला शिकली, त्यांना हे सांगायला नको.

मी म्हणालो, “हे झालं स्टँडवरचं. फाट्यावर काय व्हायचं?” ते त्याला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं डबा खाल्ला, पण तो गाडीत चढायचा कसा, हे कधी विचारलं नव्हतं. त्यानं तिथूनच मामीला फोन लावला.

मामी सांगत गेल्या. गाव आत असल्यामुळं मामा अंधारातच निघायचे आणि फाट्यापर्यंत चालत जायचे. अवकाळी पाऊस आला की डबा युरियाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळायचे आणि आपण भिजत गाडीची वाट बघायचे. कंडक्टरला रोज एकच सांगणं, “ड्रायव्हरच्या मागं ठेवा साहेब, वर टाकू नका, वरण सांडल.” एखाद्या दिवशी गाडी आलीच नाही, तर कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून डबा जिंतूरला नेऊन द्यायचे आणि तिथून दुसऱ्या गाडीत टाकायचे.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, “आता असं काहीतरी शोध, ज्यात तू नाहीसच.” कारण मामांनी माझ्यासाठी हे केलं, माझ्यासाठी ते केलं, एवढंच लिहिलं तरी मजकुराच्या मध्यभागी ‘माझ्यासाठी’च राहतं. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाचं आयुष्य भाचा जन्मायच्या आधीपासूनचं आहे. ते कोण सांगणार? जिनं विचारलं होतं ‘माझा भाऊ कुठाय’, तीच.

संध्याकाळी त्यानं आईला विचारलं आणि सकाळी येऊन मला सांगितलं. १९७२ च्या दुष्काळात मामा पाझर तलावाच्या कामावर होते. माती वाहायची आणि मजुरी घ्यायची. कामावर सुकडी मिळायची. स्वतःच्या वाटणीतली थोडी सुकडी ते फडक्यात बांधून घरी आणायचे, धाकट्या बहिणीसाठी. ती तेव्हा पाचसहा वर्षांची. आज मामांची विहीर त्याच तलावाच्या खालच्या अंगाला आहे आणि तिला पाणी आहे. पोरगा म्हणाला, “सर, त्या विहिरीत पोहायला शिकलो मी. पण हे कधीच कोणी सांगितलं नव्हतं.”

मग मजकूर लिहायला वेळ लागला नाही. असा झाला.

“मामा, मी परभणीत शिकत होतो तेव्हा सकाळच्या गाडीला डबा द्यायला तुम्ही अंधारात फाट्यापर्यंत चालत यायचात. पावसात डबा युरियाच्या पिशवीत गुंडाळायचात आणि स्वतः भिजायचात. ‘वरण सांडल, वर टाकू नका’ असं कंडक्टरला रोज सांगायचात. हे मला काल मामींनी सांगितलं. बहात्तरला तुम्ही पाझर तलावावर माती वाहिलीत आणि आपल्या वाटणीची सुकडी बहिणीला आणलीत, हे आईनं सांगितलं. ह्या पावसाळ्यात तो तलाव भरो, तुमच्या नव्या मोसंबीला पाणी पुरो आणि गुडघ्याचं दुखणं कमी होवो. वाढदिवसाच्या शुभेच्छा.”

आता परत तोच प्रश्न. कोणी केलं? चालत कोण आलं? मामा. भिजलं कोण? मामा. माती कोणी वाहिली? मामांनी. भाचाही आहे ह्यात, पण बघणारा, ऐकणारा म्हणून आहे. तेवढा तो हवाच. तो पार पुसून टाकला तर मजकूर ग्रामपंचायतीच्या सन्मानपत्रासारखा कोरडा होतो, कोणाचा आवाज आहे तेच कळत नाही. म्हणून लिहिणाऱ्याची एखाददुसरी ओळ ठेवा. ‘मला मामींनी सांगितलं’, एवढी.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक, शेवटची ओळ. ‘तुमचे आशीर्वाद असेच पाठीशी राहू द्या’ ही ओळ हाताला इतकी सवयीची झालीय की ती आपोआप उतरते. पण बघा, वाढदिवस त्यांचा आणि मागणं आपण आपल्यासाठी मागतोय! शेवटच्या ओळीत मागायचं ते त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या येत्या वर्षातलं मागायचं. पोराच्या मजकुरात तलाव आला, मोसंबी आली, गुडघा आला. आशीर्वाद मागायचाच असेल तर समोर जाऊन पाया पडावं, तो तिथं आपसूक मिळतो. औक्षण करावं, ओवाळावं. तोंडाला केक फासण्यापेक्षा ते मला कितीतरी चांगलं वाटतं, माझ्या नातवंडांनाही मी हेच सांगतो.

दुसरी, येता न आल्याची रुखरुख. ती खरी असते, पण शुभेच्छेत घातली की वाढदिवस ज्याचा आहे त्यालाच तुमची समजूत काढावी लागते. ‘असू दे बाळा, कामं असतात’ असं म्हणायची पाळी त्याच्यावर येते. ती रुखरुख फोनवर सांगा आणि मजकुरातून काढा.

आणि माणूस फार ओळखीचा नसेल, साहेब असतील, सोयऱ्यांतले दूरचे कोणी असतील, तर ओढूनताणून गोष्ट लावू नका. आपण डोळ्यांनी बघितलेलं त्यांचं एक काम लिहा आणि थांबा. तेही आठवत नसेल, तर त्यांच्या घरी फोन करा आणि विचारा, सध्या त्यांचं काय चाललंय. पेरणीची तयारी चालू असेल, नातीचं लग्न ठरलं असेल, डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल. त्यातलं जे असेल ते एका ओळीत लिहा आणि पाठवून द्या.

नमस्कार.