तांबडीची वार

[दृश्य: पहाट. पत्र्याचा गोठा, दावणीला संकरित गाई. एक खुंटा रिकामा.]

निवेदन:
पश्चिम महाराष्ट्रातला हा चौदा जनावरांचा गोठा. पावसाळ्याच्या तोंडाला इथल्या तांबडीनं सातव्या महिन्यात गाभ टाकला आणि वार अडकली. आप्पांनी आजवर केलं तेच केलं. उघडा हात घालून वार ओढून काढली आणि उकिरड्यावर टाकली. महिन्याभरानं जनावरांच्या डॉक्टरांनी गोठ्याच्या दुधाचा नमुना तपासला, मग मोठ्या अकरा जनावरांचं रक्त घेतलं. निकाल हाती आल्यावर त्यांनी फोन केला नाही. घरातल्या सगळ्यांना पुन्हा पुन्हा वाचता यावं म्हणून पत्र लिहिलं.

[दृश्य: वहीचा कागद, निळी शाई.]

पत्र:
आप्पा, नमस्कार.

अकरापैकी तीन जनावरांना ब्रुसेलोसिस निघाला आहे. तांबडी, आठवा महिना लागलेली कपिला आणि गेल्या साली बाजारातून आणलेली कालवड. आपण ज्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतो, तोच हा रोग.

रक्ताच्या एका थेंबावरून काय कळणार, असं तुम्ही म्हणाल. पांढऱ्या पाटीवर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब आणि गुलाबी औषधाचा एक थेंब एकत्र करून चार मिनिटं हलवतात. निरोगी गाईचा थेंब एकसारखा गुलाबी राहतो. तांबडीच्या थेंबात बारीक रवाळ दाणे धरले. ही चाचणी कधीकधी चुकते, म्हणून तेच नमुने प्रयोगशाळेत एलायझा चाचणीला पाठवले. तिथंही ह्याच तिघीजणी निघाल्या.

बाकीच्या आठ आज चांगल्या दिसतात, पण लागण नुकतीच झाली असेल तर रक्तात खूण उमटायला काही आठवडे जातात. दीड महिन्यानं त्यांचं रक्त पुन्हा घेऊ. तोवर त्या सुटल्या असं धरू नका.

तांबडीचं मला जास्त वाटतं. पुढच्या खेपेला ती बहुधा वेळेवर विईल, वासरू धडधाकट असेल, आणि तुम्हाला वाटेल रोग गेला. तो जात नाही. जंतू कासेत आणि गाठींत दडून राहतात आणि दर वेताला वारेतून, पाण्यातून, दुधातून बाहेर पडतात. खात्रीनं बरं करणारं औषध गाईसाठी नाही, म्हणून मी इंजेक्शनांवर तुमचा पैसा घालवणार नाही. तिघींना वेगळं बांधा, त्यांचं पाणी-वैरण वेगळं ठेवा. आणि आप्पा, हात जोडून सांगतो, त्यांना बाजारात नेऊ नका. तुमची कालवड बहुधा अशीच कुणाच्या तरी दावणीवरून आली आहे. चार ते आठ महिन्यांच्या तुमच्या कालवडींना मी लस टोचीन. ती आयुष्यात एकदाच द्यायची असते.

[दृश्य: आप्पांचे हात. बोटांना जुन्या चिरा.]

आता तुमच्या घराचं. एका वारेत कोट्यवधी जंतू असतात. हाताच्या चिरेतून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून, गोठा झाडताना श्वासातूनही ते माणसात शिरतात. धाकट्याला रोज संध्याकाळी कणकण येते, रात्री बनियन घामानं भिजतं, कंबर धरते, असं वहिनी म्हणाल्या. टायफॉइडच्या गोळ्या घेऊनही ताप परत आला. त्याला तालुक्याला न्या आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की आमच्या गोठ्यात ब्रुसेलोसिस निघालाय. हे कळल्याशिवाय ती तपासणी कुणी सहसा सांगत नाही. आजार निघाला तर दोन औषधं जोडीनं साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. पंधरा दिवसांत ताप उतरतो, माणूस गोळ्या सोडतो आणि आजार उलटतो. सांधे, मणका धरतो, पुरुषांत अंडाला सूज येते. लाजू नका, हेही डॉक्टरांना सांगा.

सूनबाईंना दिवस गेले आहेत. त्यांनी गोठ्यात पाऊल टाकू नये. या रोगानं बाईचाही गर्भ पडू शकतो. ताप आला तर दुकानातून गोळी आणू नका, पोटुशीला यातली सगळी औषधं चालत नाहीत.

दुधाची भीती बाळगू नका. नीट उकळी आली की जंतू मरतात, वाफवलेला खरवसही चालतो. चालत नाही ते धारोष्ण दूध, बोटानं चाटलेला कच्चा चीक आणि न तापवलेल्या दुधाच्या सायीचं लोणी.

कपिला विताना मला बोलवा, मध्यरात्र असली तरी. लांब हातमोजे आणि गमबूट मी घेऊन येतो. तुम्ही फक्त खड्डा आधी खणून ठेवा, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल. वार कुत्र्याच्या तोंडी लागली की रोग वस्तीभर फिरतो.

[दृश्य: गोठ्यापासून लांब लिंबाचं झाड.]

निवेदन:
कपिला आता इथं एकटी बांधलेली असते. तिची घमेली वेगळी, दोर वेगळा. दहा पावलांवर ताजा खड्डा आहे आणि काठावर चुन्याची गोणी. धाकटा तालुक्याला जाऊन आला. त्याचं रक्त घेतलंय.