वणव्यातलं पाडस

श्रोतेहो, नमस्कार.

एका जंगलात वीज पडते. एक वाळलेलं झाड पेट घेतं आणि वणवा लागतो. त्या वणव्यात हरणाचं एक पाडस अडकतं आणि भयानक भाजतं. लगेच मरत नाही, काही दिवस तडफडत पडून राहतं आणि मग मरतं. आसपास माणूस नाही. हे कुणाला कळलं नाही, कधी कळणारही नाही.

हे उदाहरण अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी 1979 साली एका निबंधात मांडलं. ईश्वर सर्वशक्तिमान आहे, सर्वज्ञ आहे आणि पूर्णपणे चांगला आहे, असं मानणाऱ्यांपुढे 'मग जगात असं दुःख का?' हा जो प्रश्न उभा राहतो त्याला तत्त्वज्ञानात 'अनिष्टाची समस्या' म्हणतात. त्या समस्येवर दिली जाणारी उत्तरं आज या एका पाडसापाशी नेऊन पाहू. अमुक उत्तर चांगलं की वाईट, हे मोघम बोलून कळत नाही. एका ठरावीक दुःखाला ते लागू पडतं का, हे पाहिलं की कळतं.

पाडसाकडे वळण्याआधी हे उदाहरण का लागलं, ते सांगायला हवं. 1955 साली जे. एल. मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानं फार मोठा दावा केला होता. 'ईश्वर सर्वशक्तिमान आहे', 'ईश्वर पूर्ण चांगला आहे' आणि 'जगात अनिष्ट आहे' ही तीन विधानं एकाच वेळी खरी असूच शकत नाहीत, असं तो म्हणाला. म्हणजे श्रद्धावान माणूस चुकतो एवढंच नाही, तो स्वतःशीच विसंगत बोलतो. नुसत्या या तीन विधानांत विसंगती दिसत नाही, हे मॅकीलाही मान्य होतं. म्हणून त्यानं दोन जोड दिल्या: जो चांगला असतो तो शक्य तेवढं अनिष्ट दूर करतोच, आणि सर्वशक्तिमानाला अशक्य असं काही नसतं.

या दोन्ही जोडांवर बोट ठेवता येतं. पहिली जोड सरसकट खरी नाही. दात काढणारा डॉक्टर वेदना देतो, पण त्यामुळे तो वाईट ठरत नाही, कारण त्या वेदनेशिवाय मोठं दुखणं जाणार नसतं. यावर लगेच कुणी म्हणेल की डॉक्टरची शक्ती मर्यादित असते, ईश्वराची कुठे असते? इथे दुसरी जोड तपासावी लागते. सर्वशक्तिमान असण्याचा अर्थ चौकोनी वर्तुळ काढता येणं असा बहुतेक ईश्वरवादी घेत नाहीत. जे स्वतःतच विसंगत आहे ते करता न येणं ही दुर्बलता नव्हे.

आल्विन प्लँटिंगा या तत्त्वज्ञानं 1974 साली याच फटीतून वाट काढली. ईश्वर स्वतंत्र इच्छा असलेली माणसं निर्माण करू शकतो. पण 'त्यांनी स्वतंत्रपणे चांगलंच वागावं' हे तो घडवून आणू शकत नाही, कारण घडवून आणलं की ते स्वतंत्र उरत नाही. कोणतीही माणसं निर्माण केली तरी प्रत्येकानं कधी ना कधी काहीतरी वाईट निवडलंच असतं, अशी परिस्थिती निदान शक्य आहे. आणि प्लँटिंगाला तेवढंच हवं होतं. विसंगतीचा आरोप मोडायला खरं कारण सांगावं लागत नाही, एक शक्य कारण पुरतं. मॅकीचा हा आरोप सिद्ध झालेला नाही, असं त्यानंतर बऱ्याच तत्त्वज्ञांनी मान्य केलं, आणि त्यांत ईश्वर न मानणारेही होते.

इथे एक गल्लत नेहमी होते, म्हणून थोडं थांबतो. विसंगती नाही एवढं दाखवणं वेगळं आणि ईश्वर दुःख का होऊ देतो हे सांगणं वेगळं. पहिल्याला बचाव म्हणू, दुसऱ्याला समर्थन. प्लँटिंगानं दिला तो बचाव होता. पुष्कळ जण तो समर्थन म्हणून वापरतात आणि मग तो तोकडा पडतो.

रो यांनी नेमकं हेच ओळखलं. त्यांनी विसंगतीचा आग्रह सोडला आणि पुराव्याचा मुद्दा घेतला. त्यांचा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी: जगात असं तीव्र दुःख आहे, जे सर्वशक्तिमान, सर्वज्ञ ईश्वर टाळू शकला असता, आणि ते टाळल्यानं कोणतंही मोठं इष्ट हातचं गेलं नसतं, किंवा तितकंच वाईट दुसरं काही ओढवलं नसतं. दुसरी पायरी: पूर्ण चांगला ईश्वर असं दुःख टाळेलच. दोन्ही मान्य केल्या तर असा ईश्वर नाही, हे ओघानं येतं. दुसरी पायरी बहुतेक श्रद्धावानांनाही पटते. सगळा वाद पहिलीवर आहे, आणि पाडस उभं आहे ते त्या पायरीच्या आधारासाठी.

आता उत्तरं पाहू. स्वतंत्र इच्छेचं उत्तर पाडसापाशी पोचतच नाही. वीज कुणी निवडून पाडलेली नाही. खून, छळ, युद्ध यांच्याबाबत या उत्तरात दम आहे, भूकंप आणि वणव्याबाबत नाही.

दुसरं उत्तर जॉन हिक या ब्रिटिश विचारवंतानं 1966 साली विस्तारानं मांडलं. जग हे सुखाचं घर म्हणून केलेलं नाही, माणूस घडण्याची ती जागा आहे. धोका नसेल तर धैर्य कसलं, कुणाला काही लागतच नसेल तर करुणा कशाची? यात खरं आहे. पण पाडसाच्या वेदनेनं कुणाचं मन घडलं? पाहणारा कुणी नव्हता. पाडस स्वतः तर मेलंच. हिकना ही अडचण दिसत होती. निरर्थक वाटणारं दुःख जगात असल्यामुळेच आपल्याला निखळ करुणा वाटते, असं ते म्हणत. प्रत्येक दुःख लायकीप्रमाणे वाटलेलं असतं, तर दुःखिताला मदत करायला आपण धावलो नसतो. हे उत्तर विचार करण्याजोगं आहे. पण दुःखाचा असा एकूण साठा का हवा एवढंच त्यातून कळतं. हे पाडस, इतके दिवस का, हे कळत नाही.

तिसरं उत्तर निसर्गनियमांचं. ज्या आगीनं ऊब मिळते तीच आग कातडी जाळते. निसर्ग नियमानं चालला नाही तर आपण कशाचाच अंदाज बांधू शकणार नाही, आणि परिणामांचा अंदाज नसेल तर जबाबदारीलाही अर्थ राहणार नाही. बरं, मग आग तशीच राहू दे. पण पाडस पाच दिवसांऐवजी एका दिवसात गेलं असतं, तर कोणता नियम मोडून पडला असता? कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

तत्त्वज्ञ पीटर व्हॅन इनवॅगन यांनी यावर दिलेलं उत्तर मला या सगळ्या चर्चेत फार महत्त्वाचं वाटतं. ते असं: एका पाडसाला सोडवल्यानं काही बिघडत नाही, हे खरं. पण दुसऱ्याला सोडवल्यानंही बिघडत नाही, तिसऱ्यालाही नाही. असं करत सगळ्यांनाच सोडवलं, की नियमानं चालणारं जग उरतच नाही. म्हणजे रेघ कुठेतरी ओढावी लागते, आणि ती कुठेही ओढली तरी तिच्या पलीकडे एक दुःख असं राहतंच, जे टाळलं असतं तरी चाललं असतं. हे मान्य केलं तर रो यांची दुसरी पायरीच ढिली होते: चांगला ईश्वरसुद्धा प्रत्येक अनावश्यक दुःख टाळेलच असं नाही. याची मर्यादाही सांगायला हवी. रेघ नेमकी कुठे, हे ठरत नसलं तरी ती फारच चुकीच्या जागी आहे हे कळू शकतं. किती केस गेले की टक्कल म्हणायचं हे ठरत नाही, म्हणून टक्कल ओळखता येत नाही असं थोडंच आहे? जगातलं दुःख त्या रेघेच्या जवळपास आहे की कितीतरी पलीकडे, हा प्रश्न उरतोच.

भारतीय परंपरेत हाच आक्षेप ब्रह्मसूत्रांत दोन शब्दांत आला आहे: वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता. शंकराचार्यांच्या भाष्यात उत्तर असं आहे, की ईश्वर पर्जन्यासारखा आहे. पाऊस सगळ्या बियांवर सारखाच पडतो, भात आणि जव वेगळे उगवतात ते बियांमुळे. तसं सुखदुःखातलं अंतर जिवांच्या कर्मामुळे. पहिलं कर्म कुठून आलं, या शंकेला पुढच्याच सूत्रात उत्तर आहे: संसार अनादी आहे, पहिलं असं काही नाही. हे उत्तर पाडसापर्यंत पोचतं, आणि ही त्याची मोठी जमेची बाजू. पण त्याची किंमतही आहे. ईश्वर कर्मानं बांधला गेला, तर 'सर्वशक्तिमान' या शब्दाचा अर्थ आखडता घ्यावा लागतो. शिवाय ज्याला काहीच आठवत नाही त्याला शिक्षा भोगायला लावणं न्याय्य कसं, हा प्रश्न नव्यानं उभा राहतो.

शेवटचं उत्तर सगळ्यात साधं आहे आणि घराघरात ऐकू येतं: ईश्वराची कारणं आपल्याला काय कळणार! 1984 साली तत्त्वज्ञ स्टीफन वायक्स्ट्रा यांनी त्याला नेमकं रूप दिलं. 'मला दिसत नाही, म्हणून नाही' हे अनुमान कधी चालतं? ती गोष्ट असती तर मला दिसलीच असती, असं असेल तेव्हाच. खोलीत हत्ती दिसत नाही, म्हणजे हत्ती नाही. पण डोळ्यांना जंतू दिसत नाहीत, म्हणून सुई निर्जंतुक आहे असं म्हणता येत नाही. ईश्वराची कारणं हत्तीसारखी की जंतूंसारखी? त्याचं ज्ञान आपल्याहून अफाट मोठं असेल, तर ती दिसावीत अशी अपेक्षाच चुकीची.

हे उत्तर मजबूत आहे, पण ते जपून वापरावं लागतं. दुःखामागे दडलेलं इष्ट आपल्याला मुळीच ओळखता येत नसेल, तर समोर भाजणाऱ्याला वाचवावं की नाही, हेही कळेनासं होतं. कदाचित त्याच्या भाजण्यातच काही मोठं भलं असेल! आणि ज्याच्या हेतूंचा थांग लागत नाही, त्याच्या वचनावर विसंबायचं कशावरून? जो श्रद्धावान हे उत्तर देतो, त्याला अज्ञानाची हद्द कुठे संपते ते सांगावं लागतं. त्यातही मूल गमावलेल्या आईपुढे हे उत्तर ठेवणं क्रूरपणाचं आहे. ती युक्तिवाद मागत नसते.

रो यांनी स्वतः श्रद्धावानाला एक वाट मोकळी ठेवली होती. आपला युक्तिवाद उलटा वाचता येतो, असं त्यांनीच लिहिलं. ईश्वर आहे, असं मानायला कुणाजवळ स्वतंत्र आणि भक्कम कारणं असतील, तर तो तिथून सुरुवात करू शकतो: ईश्वर आहे, चांगला ईश्वर निरर्थक दुःख होऊ देणार नाही, म्हणून पाडसाचं दुःख निरर्थक नसणार, मग त्यामागचं कारण मला दिसो वा न दिसो. तर्क तोच, दिशा उलटी. रो नास्तिक होते, तरी अशा श्रद्धावानाला ते अविवेकी म्हणायला तयार नव्हते. मात्र हा उलटा मार्ग धरणाऱ्याला ती स्वतंत्र कारणं दाखवावी लागतात, आणि पाडस किती दिवस तडफडलं हे माहीत असतानाही ती पुरेशी वजनदार वाटतात का, हे ज्याचं त्यालाच तपासावं लागतं.