चुकांची वही आणि समासातला ऱ्हस्व इकार

(फोंडा तालुक्यातील एका वाचनालयात, गावोगावच्या मराठी लेखक-बातमीदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

आपल्यापैकी बहुतेक जण जत्रेची बातमी, देवस्थानच्या स्मरणिकेतला लेख, शाळेचा वार्षिक अहवाल किंवा एखाद्या दिवंगत शिक्षकावरचा मृत्युलेख अशा निमित्ताने लिहितात. लेखन पाठवले जाते, कुणीतरी ते दुरुस्त करते, ते छापून येते, आणि आपण आपले नाव वाचून कात्रण फाइलला लावतो. मधल्या टप्प्यावर कुणीतरी आपल्या मजकुरात पंधरा ठिकाणी हात फिरवला होता, हे आपल्याला कळतही नाही. पूर्वी दुरुस्त केलेला कागद निदान परत मिळायचा, लाल शाईच्या खुणा दिसायच्या. आता संगणकावरची दुरुस्ती मागे काही खूण ठेवत नाही. म्हणून चुकांच्या वहीची सुरुवात मी एका साध्या कामाने करायला सांगतो. आपण पाठवलेली मूळ प्रत जपून ठेवा, छापून आलेला मजकूर तिच्या शेजारी ठेवा आणि ओळीवर ओळ लावून वाचा. जिथे फरक दिसेल तिथे नोंद करण्याजोगे काही सापडण्याचा संभव आहे.

मात्र प्रत्येक फरक म्हणजे चूक नव्हे. जागा पुरत नाही म्हणून संपादक वाक्य तोडतो, वृत्तपत्राची स्वतःची काही लेखनपद्धती असते, आणि कधी कधी छापलेलेच चुकीचे असते. त्यामुळे फरक दिसला की आधी शब्दकोश आणि नियम पाहावेत. मराठी साहित्य महामंडळाच्या १४ नियमांना महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्यता दिली आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. हे १८ नियम काही पानांत मावतात. त्यांचा कागद वहीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा, म्हणजे प्रत्येक वेळी शोधाशोध होत नाही.

आता नोंद कशी करावी, याविषयी. पुष्कळ लोक चुकांची वही म्हणून नुसते शुद्ध शब्द लिहून ठेवतात. अशी वही मीही अनेक वर्षे ठेवली होती, आणि तिचा मला फारसा उपयोग झाला नाही. शुद्ध शब्दांची यादी वाचताना आपण मान डोलावतो. हात मात्र लिहिताना जुनीच वाट धरतो. नोंदीत आपण लिहिलेले पूर्ण वाक्य हवे, जसेच्या तसे, चुकीसह. त्याखाली दुरुस्त रूप, त्यापुढे कोणता नियम मोडला ते, आणि शेवटी आपला हात तिकडे का गेला याचे कारण. हे शेवटचे खाते सर्वांत अवघड आहे. सुरुवातीला मी तिथे दर वेळी ‘दुर्लक्ष’ असे लिहीत असे. चाळीस ठिकाणी ‘दुर्लक्ष’ लिहिल्यावर माझ्या लक्षात आले की या शब्दाने काहीच सांगितले जात नाही.

इथे एक भेद उपयोगी पडतो. भाषा शिकणाऱ्यांच्या चुकांविषयी लिहिताना स्टिफन पिट कॉर्डर या भाषावैज्ञानिकाने १९६७ साली तो मांडला होता. एक असते घसरण: थकव्याने, घाईने अक्षर गळते, आणि शब्दाखाली रेघ ओढून दाखवली की लिहिणारा ती स्वतःच दुरुस्त करतो. दुसरी असते खरी चूक: रेघ ओढून दाखवली तरी लिहिणारा म्हणतो, ‘यात काय चुकले?’ पहिल्या प्रकारावर उपाय म्हणजे एक रात्र मध्ये जाऊ देऊन पुन्हा वाचणे. दुसऱ्या प्रकारावर पुन्हा वाचण्याचा काहीच परिणाम होत नाही, कारण आपल्याच डोळ्यांना ते रूप बरोबर वाटते. वहीत जागा द्यायची ती या दुसऱ्या प्रकारालाच.

माझीच वही उलगडून दाखवतो. सहा महिन्यांतल्या माझ्या दहा लेखांत एकूण ६३ नोंदी झाल्या. घसरणी वगळल्यावर ४१ उरल्या. श आणि ष यांत मी गोंधळतो, अशी माझी जुनी समजूत होती. त्या गटात जेमतेम दोन नोंदी निघाल्या. ९ नोंदी आदरार्थी बहुवचनातल्या अनुस्वाराच्या होत्या, म्हणजे ‘अध्यक्षांचे भाषण’ याऐवजी ‘अध्यक्षाचे भाषण’. आणि तब्बल १७ नोंदी एकाच जागी जमल्या: मूर्तीपूजा, भक्तीगीत, स्मृतीदिन, शक्तीपीठ. देवस्थानांविषयी लिहिणाऱ्याच्या लेखणीतून हेच शब्द पुनःपुन्हा जाणार, हे उघड आहे.

नियम असा आहे की मराठीत तत्सम शब्द स्वतंत्रपणे येतो तेव्हा त्याचा शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा: मूर्ती, भक्ती, कवी, गुरू. पण तोच शब्द समासाचे पहिले पद होतो तेव्हा, तो मुळात संस्कृतात ऱ्हस्वान्त असेल तर, ऱ्हस्वच राहतो: मूर्तिपूजा, भक्तिगीत, कविसंमेलन, गुरुपौर्णिमा. मंत्री, विद्यार्थी असे शब्दही समासात ऱ्हस्व होतात: मंत्रिमंडळ, विद्यार्थिमंडळ. आता कारणाचे खाते भरता आले. ‘मूर्ती’ हे रूप स्वतंत्र शब्द म्हणून बरोबरच आहे. ते डोळ्यांत इतके ठसलेले आहे की पुढे ‘पूजा’ जोडतानाही हात ते अखंड उचलून आणतो. म्हणजे चुकीचे मूळ एका बरोबर सवयीत होते.

याच ठिकाणी मी आणखी एक गोष्ट केली, जी वही ठेवणारे सहसा करत नाहीत. त्याच दहा लेखांत असे समास एकूण किती वेळा आले आणि त्यांतले किती बरोबर होते, हेही मोजले. एकूण २३ जागा होत्या आणि १७ चुकल्या होत्या. नुसता १७ हा आकडा पुरेसा नसतो. दोनशे जागांपैकी १७ चुकणे वेगळे आणि तेवीसपैकी १७ चुकणे वेगळे. शिवाय जे ६ बरोबर निघाले ते पाहताच उलगडा झाला. ते सगळे गुरुपौर्णिमा, भूमिपूजन, कविसंमेलन असे फलकांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर नेहमी दिसणारे शब्द होते. नियम मला ठाऊकच नव्हता. काही शब्दांची चित्रे तेवढी पाठ होती.

नियम शिकलो आणि पुढच्या पाच लेखांत १४ जागांपैकी २ चुकल्या. मला फार आनंद झाला, पण पुढची पाने भरताना वहीत एक नवाच गट उगवलेला दिसला: लक्ष्मिपूजन, नदिकाठ, सरस्वतिपूजन, पाणिपुरवठा. पूर्वी हे शब्द मी कधीच चुकवले नव्हते. नव्या नियमाचा वापर मी नको तिथे करू लागलो होतो. वही नेमाने ठेवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अवस्था येते. ती ओळखायची खूण अशी की, आधी निर्दोष असलेले शब्द दुरुस्तीनंतरच्या तारखांना अचानक वहीत येऊ लागतात. म्हणूनच प्रत्येक नोंदीला तारीख हवी.

नियमाचा पहिला अर्धा भाग मी लक्षात ठेवला होता. ‘मुळात संस्कृतात ऱ्हस्व असेल तर’ ही अट सोडून दिली होती. नदी, देवी, लक्ष्मी हे शब्द संस्कृतातच दीर्घान्त आहेत, म्हणून नदीकाठ आणि लक्ष्मीपूजन. पाणी हा तत्सम शब्दच नाही, म्हणून पाणीपुरवठा. संस्कृत न शिकलेल्याने हे ओळखायचे कसे? मी वहीत स्वतःपुरती एक कसोटी लिहिली. क्रिया किंवा भाव दाखवणारे स्त्रीलिंगी ‘ती’कारान्त तत्सम शब्द, जसे भक्ती, शक्ती, गती, स्मृती, नीती, मुळात ऱ्हस्व असतात, आणि मूर्तीही याच घडणीची. सरस्वती, पार्वती, भगवती ही देवींची नावे मात्र दीर्घ. ही कसोटी सगळ्या शब्दांना पुरत नाही, आणि शंका आली की संस्कृत शब्दकोश उघडावाच लागतो; पण माझ्या लेखनातल्या बहुतेक जागा तिने सुटल्या.

एक सापळा अजून राहतो. ‘मूर्तीसमोर’ आणि ‘मूर्तीला’ यांत समास नाही. एका ठिकाणी शब्दयोगी अव्यय जोडले आहे, दुसऱ्या ठिकाणी विभक्तिप्रत्यय, म्हणून तिथे दीर्घच. ‘मूर्तीची पूजा’ असा विग्रह करता येतो तिथे समास आहे, एवढे पाहिले की भागते. तपासणीसाठी मी लेख पूर्ण झाल्यावर एक वाचन केवळ जोडशब्दांसाठी राखून ठेवतो: परिच्छेद शेवटाकडून सुरुवातीकडे घेतो, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा वाहून जात नाही, आणि प्रत्येक सामासिक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून मगच पुढे सरकतो. हजार शब्दांच्या लेखाला दहा मिनिटे पुरतात. एका वाचनात एकाहून अधिक गट शोधू नयेत. मी तीन गट एकदम शोधून पाहिले, तेव्हा तिन्हींत गळती झाली.

आपल्या गोव्यात वहीत आणखी एक पान लागते, आणि त्याविषयी मी आदराने बोलू इच्छितो. आपण कोंकणी बोलत मोठे झालो आणि मराठी वाचत-लिहीत आलो. माझ्या वहीत सहा नोंदी या शेजाराच्या आहेत. जत्रेच्या एका वृत्तान्तात मी लिहिले होते, ‘पाहुणे दुपारी मंदिरात पावले.’ कोंकणीत पावप म्हणजे पोहोचणे, म्हणून मला ते वाक्य पूर्ण सरळ वाटत होते. मराठी वाचकाला मात्र ‘पावणे’ म्हटले की देव पावला आठवतो, आणि पाहुणे भक्ताला प्रसन्न झाले असा अर्थ उभा राहतो. तसेच ‘तो मला बाजारात मेळला’. प्रमाण मराठीत तिथे ‘भेटला’ हवे. अशा नोंदींना मी अशुद्ध म्हणत नाही. कोंकणी संवाद लिहिताना हेच शब्द नेमके असतात. कारणाच्या खात्यात मी फक्त ‘कोंकणी अर्थ’ असे लिहितो. हा गट छापील प्रतीशी तुलना करूनही नेहमी सापडत नाही, कारण दुरुस्त करणाराही बहुधा आपल्यातलाच असतो आणि त्याच्याही कानाला ते वाक्य खटकत नाही. यासाठी वर्षातून एकदा तरी दोन-तीन लेख गोव्याबाहेरच्या, कोंकणी न जाणणाऱ्या मराठी वाचकाला द्यावेत आणि जिथे तो अडखळेल तिथे फक्त खूण करायला सांगावे. कारण शोधण्याचे काम आपले आहे.

एखादा गट मिटला असे केव्हा म्हणावे? लागोपाठ चार लेखांत चूक झाली नाही, आणि त्या लेखांत तशा जागा निदान दहा तरी होत्या, तर मी त्या पानावर तारीख घालून आडवी रेघ ओढतो. जागाच आल्या नसतील तर निर्दोष लेखाने काहीच सिद्ध होत नाही. समासाचे पान मी गेल्या पावसाळ्यात असे बंद केले. आदरार्थी अनुस्वाराचे पान अजून उघडे आहे: ‘सरपंचांनी’ मी आता न चुकता लिहितो, पण वाक्य लांबले आणि ‘ज्यांनी’ने सुरुवात झाली की पुढे ‘त्याचे’ येते आणि अनुस्वार सुटतो. त्यामुळे सध्या माझे राखीव वाचन संबंधी सर्वनामांच्या जोड्यांसाठी चालू आहे. प्रत्येक ‘ज्यां’खाली रेघ ओढायची आणि तिचा ‘त्यां’ सापडेपर्यंत पुढे जायचे नाही.